निम्मी साखळी, बारा आणे काम

मामांची विहीर तासगाव तालुक्यात, द्राक्षबागेच्या बांधाला. पासष्ट फूट खोल, म्हणजे धरा २० मीटर. उन्हाळ्यात तळ उघडा पडला की गाळ काढायला माणसं उतरतात आणि काम संपल्यावर विहिरीत लोंबत राहिलेली जड लोखंडी साखळी वर ओढून घ्यावी लागते. यंदा ओढायला मी आणि मामांचा नातू असे दोघं होतो. नातू सांगलीत अकरावीला आहे आणि मी त्याच शहरात अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो, त्यामुळे ओढायला कमी आणि बोलायला जास्त अशी आमची जोडी.

पहिल्या काही हातांतच दोघांना घाम फुटला. मामा कठड्यावर बसून बघत होते. म्हणाले, "आरं, निम्मी वर आली म्हंजे बारा आणे काम झालं. म्होरलं मग पोरासोरांचं."

नातू हसला. निम्मी साखळी म्हणजे निम्मं काम, आठ आणे, असा त्याचा हिशोब. पण मामांचा अंदाज नुसता जवळपासचा नव्हता, तंतोतंत बरोबर होता. संध्याकाळी ओसरीवर बसून आम्ही तो वहीवर काढला, तोच इथे मांडतो.

शाळेत कार्याची व्याख्या शिकवतात ती अशी: बल गुणिले विस्थापन. पोतं दहा मीटर उचललं, पोत्याचं वजन वाटेत बदललं नाही, गुणाकार केला, संपलं. साखळीची अडचण अशी की ती वर येते तसतसा तिचा लोंबणारा भाग आखूड होतो. वर आलेला भाग कठड्याजवळ जमिनीवर पडलेला, त्याचं ओझं आता हाताला नाही. म्हणजे गुणाकारातलं 'बल' एक आकडा नाहीच, ते दर वितीला बदलतंय. मग गुणायचं कशाला?

आकडे सोपे ठेवू. साखळी मीटरला २ किलो. दहा एमएम सळईच्या कड्यांची साखळी याहून थोडीच जड भरते, तेव्हा हा आकडा हवेतला नाही. २० मीटरची ४० किलो. गुरुत्वाचा आकडा ९.८ ऐवजी १० घेऊ, म्हणजे सुरुवातीला हाताला ४०० न्यूटन लागणार आणि शेवटची कडी वर येताना जवळपास शून्य. नातवाने सवयीने ४०० गुणिले २० केलं आणि ८,००० ज्यूल लिहून मोकळा झाला. यात काय चुकलं ते त्यालाच शोधायला सांगितलं. उत्तराला अंतराने भागून बघ म्हटलं. ८,००० भागिले २० बरोबर ४००. म्हणजे सरासरी बल ४०० न्यूटन, आणि जास्तीत जास्त बलही तेवढंच. सुरुवातीनंतर प्रत्येक क्षणी हात हलका होत गेला, मग सरासरी सगळ्यांत मोठ्या आकड्याएवढी येईलच कशी? ही तपासणी मी मुलांना नेहमी करायला लावतो, कारण तिला फार गणित लागत नाही: कार्याला अंतराने भागा, येणारा आकडा सगळ्यांत कमी आणि सगळ्यांत जास्त बलाच्या मध्येच पडला पाहिजे.

आता खरा हिशोब. बल बदलतंय हे मान्य, पण एका मीटरच्या ओढीत ते किती बदलतं? फक्त २० न्यूटनांनी. पहिल्या मीटरला ते ४०० वरून ३८० वर आलं, दुसऱ्याला ३८० वरून ३६० वर. समजा प्रत्येक मीटरसाठी आपण सुरुवातीचा, म्हणजे मोठा आकडा धरला: ४०० अधिक ३८० अधिक ३६०, असं करत शेवटी २०. बेरीज ४,२०० ज्यूल. प्रत्येक मीटरच्या शेवटचा, म्हणजे लहान आकडा धरला तर ३,८००. खरं उत्तर या दोघांच्या मधे कुठेतरी आहे, एवढं नक्की. मीटरऐवजी दहा-दहा सेंटिमीटरचे तुकडे केले तर तीच दोन उत्तरं ४,०२० आणि ३,९८० येतात. तुकडे आणखी बारीक केले की दोन्ही बाजूंच्या भिंती जवळ येत येत ४,००० ला चिकटतात. अकरावीच्या पुस्तकात लांब एस काढून ज्याला संकलन म्हणतात, ते इतकंच. त्या चिन्हाची भीती घालवायला मला याहून बरा उपाय सापडलेला नाही: ती एक बेरीज आहे, फक्त तुकडे फार बारीक केलेली.

कागदावर आडव्या रेषेवर 'किती ओढली' आणि उभ्या रेषेवर 'किती जोर लागला' असं काढलं की ४०० पासून शून्यापर्यंत उतरणारी सरळ तिरकी रेघ मिळते. तिच्याखाली त्रिकोण तयार होतो, आणि त्रिकोणाचं क्षेत्रफळ निम्मा पाया गुणिले उंची: ४,००० ज्यूल. मामांचे आणे याच त्रिकोणात लपलेत. पहिल्या १० मीटरला जोर ४०० वरून २०० वर येतो, सरासरी ३००, कार्य ३,००० ज्यूल. उरलेल्या १० मीटरला सरासरी १००, कार्य १,०००. चार हजारातले तीन हजार, म्हणजे रुपयातले बारा आणे.

इथे नातवाला चेव आला आणि त्याने साखळीचे चार समान भाग केले. पाच-पाच मीटरच्या चार टप्प्यांत सरासरी जोर ३५०, २५०, १५० आणि ५०. कार्य १,७५०, १,२५०, ७५० आणि २५०. आता २५० ज्यूलला एक आणा म्हणा: सात आणे, पाच आणे, तीन आणे, एक आणा. बेरीज बरोबर सोळा. जुना रुपया जणू या साखळीसाठीच पाडला होता. दशमान नाणी १९५७ साली आली, नाहीतर अजूनही मी वर्गात हाच हिशोब आण्यांत करून दाखवला असता.

याच उत्तराकडे जायची दुसरी वाटही आहे. हाताचा विचार सोडा आणि एकेका कडीचा करा. सगळ्यांत वरची कडी जेमतेम हलते, सगळ्यांत खालची पूर्ण २० मीटर वर येते, मधल्या आपापल्या खोलीइतक्या चढतात. सरासरी चढ १० मीटर. ४० किलो, म्हणजे ४०० न्यूटन, सरासरी १० मीटर चढले: ४,००० ज्यूल. पुस्तकात याला वस्तुमानकेंद्राची पद्धत म्हणतात. साखळीचा मध्यबिंदू १० मीटर खोल होता, तो काठावर आला, हिशोब संपला. मला स्वतःला ही वाट जास्त आवडते, कारण ती चुकीच्या सरासरीपासून वाचवते.

चुकीची सरासरी म्हणजे काय, ते सांगतो. सुरुवातीचा जोर आणि शेवटचा जोर यांची बेरीज करून निम्मे करायचे, ही युक्ती रेघ सरळ असेल तरच चालते. गावातल्या साखळ्या बहुतेक वेळा दोन तुकडे जोडून केलेल्या असतात. समजा वरची १० मीटर जाड, मीटरला ३ किलो, आणि खालची १० मीटर बारीक, मीटरला १ किलो. एकूण तेच ४० किलो, सुरुवातीचा जोर तोच ४००, शेवटी तेच शून्य. पण आता ३० किलो सरासरी फक्त ५ मीटर चढतात आणि १० किलो सरासरी १५ मीटर. पहिल्याचे १,५०० आणि दुसऱ्याचे १,५००, मिळून ३,००० ज्यूल. हीच साखळी उलटी, म्हणजे जाड भाग खाली ठेवून सोडली तर ५०० आणि ४,५००, मिळून ५,०००. दोन टोकांचे आकडे सगळीकडे तेच, उत्तरं तीन हजार, चार हजार आणि पाच हजार. मधली रेघ कशी वाकते यावर सगळं अवलंबून. जाड भाग वर असताना पहिल्या निम्म्या साखळीलाच सव्वातेरा आण्यांच्या आसपास काम उरकतं.

मामांच्या म्हणीलाही मर्यादा आहे, आणि ती त्यांना माहीत होती. साखळीला खाली ३० किलोची मोटार बांधलेली असेल तर? मोटारीचं वजन वाटेत घटत नाही. तिचे ३०० न्यूटन गुणिले २० मीटर, सरळ ६,००० ज्यूल, त्यात साखळीचे ४,०००, एकूण १०,०००. पहिल्या निम्म्यात मोटारीचे ३,००० आणि साखळीचे ३,०००, म्हणजे सहा हजार. हे झाले साडेनऊ आण्यांना थोडे वर. "मोटार आसंल तर तसं न्हाई," मामा आतून चहा घेऊन येता येता म्हणाले, "मोटार वरपातूर जीव खाती." आलेखात पाहिलं तर त्रिकोणाखाली एक आयत सरकवलाय, एवढंच. कप्पीवरून ओढलं तर घर्षणाचा भार वाढतो, पण घर्षण साधारण ओझ्याच्या प्रमाणात असल्यामुळे रुपया मोठा होतो, आणे तेच राहतात.

आता हाच कागद उलटा धरा, म्हणजे स्प्रिंग येईल.

भंगारवाल्याकडे लटकता स्प्रिंग काटा असतो, तो नीट पाहिला आहे का? त्याच्या पट्टीवरच्या खुणा एकसारख्या अंतरावर असतात. एका किलोला जितका खाली उतरतो, दुसऱ्या किलोला तितकाच आणखी. रॉबर्ट हुक यांनी सतराव्या शतकात सांगितलेला नियम तोच: ताण वाढवला त्या प्रमाणात लांबी वाढते. सूत्रात F = kx. दहा किलोचा काटा घ्या, ज्याची पट्टी १० सेंटिमीटरची आहे. म्हणजे ०.१ मीटर ताणायला १०० न्यूटन, आणि k झाला मीटरला १,००० न्यूटन. इथे जोर शून्यापासून सुरू होतो आणि १०० पर्यंत चढतो. त्रिकोण तोच, फक्त चढण दुसऱ्या बाजूला. क्षेत्रफळ निम्मे गुणिले ०.१ गुणिले १००, म्हणजे ५ ज्यूल. W = ½kx² मधला तो ½ कुठून आला हे विचारलं की मुलं 'सूत्रच तसं आहे' म्हणतात. तो त्रिकोणाचा निम्मा आहे.

आणि आणे? साखळीचे सात, पाच, तीन, एक होते, स्प्रिंगचे एक, तीन, पाच, सात. खुणा समान अंतरावर असल्या तरी प्रत्येक खुणेची किंमत समान नाही. पहिल्या ५ सेंटिमीटरला १.२५ ज्यूल पुरतात, पुढच्या तेवढ्याच ५ सेंटिमीटरला ३.७५ लागतात, तिप्पट.

परीक्षेत सगळ्यांत जास्त मुलं पडतात ती याच खड्ड्यात. प्रश्न असा येतो: आधीच ५ सेंटिमीटर ताणलेली स्प्रिंग १० पर्यंत ताणायला किती कार्य? वाढ ५ सेंटिमीटरची, म्हणून सूत्रात x च्या जागी ०.०५ घालायचं आणि १.२५ लिहायचं. पण मघाची तपासणी लावा. १.२५ ला ०.०५ ने भागलं की सरासरी बल २५ न्यूटन येतं. त्या टप्प्यात स्प्रिंग सुरुवातीलाच ५० न्यूटनने मागे ओढत होती, मग सरासरी २५ कशी? बरोबर रीत म्हणजे शून्यापासून १० पर्यंतचे ५ ज्यूल, त्यातून शून्यापासून ५ पर्यंतचे १.२५ वजा, उरले ३.७५. सरासरी ७५ न्यूटन, ५० आणि १०० च्या बरोबर मधे. वर्ग आधी करायचा आणि वजाबाकी नंतर, उलटं नाही. दुसरी चूक सेंटिमीटर तसेच सूत्रात ठेवायची. मग ५ ज्यूलच्या जागी ५०,००० येतात. तेवढ्यात पाचशे किलोची म्हैस दहा मीटर उचलली जाईल, हातातला काटा नाही.

स्प्रिंगच्या बाबतीत रेघ सरळ आहे हे गृहीत धरण्याआधी मात्र तिच्याकडे एकदा डोळे उघडून बघावं. मोटारसायकलच्या स्टँडची स्प्रिंग घ्या. तिची वेटोळी एकमेकांना घट्ट चिकटलेली असतात, कारण बनवतानाच तिच्यात थोडा ताण भरून ठेवलेला असतो. ती हलक्या हाताने ओढली तर उघडतच नाही, ठरावीक जोर लागल्यावरच पहिली फट दिसते. अशा स्प्रिंगची रेघ शून्यातून निघत नाही, वर एका उंचीवरून निघते, आणि त्रिकोणाखाली पुन्हा तोच आयत येऊन बसतो, जसा मोटारीचा आला होता. दुसऱ्या टोकाला बॉलपेनमधली स्प्रिंग. ती हातांनी लांब ओढून सोडा, परत पहिल्याइतकी आखूड होत नाही. प्रत्यास्थतेची मर्यादा ओलांडली की रेघ वाकते, आणि ओढण्यात घातलेलं काम पूर्ण परत मिळत नाही, तार कायमची वाकवण्यात आणि उष्णतेत जातं. तिथे ½kx² वापरून काढलेला आकडा कागदावरच राहतो.

इतकं झाल्यावर नातवाने असा एक प्रश्न काढला की मलाही पेन खाली ठेवून विचार करावा लागला. आमच्या साखळीच्या खालच्या हुकाला एक बारीक दोरी बांधलेली असते, हुक कुठे कपारीत अडकला तर सोडवायला. त्याने विचारलं, साखळीचं वरचं टोक गर्डरला तसंच अडकवून ठेवलं आणि या दोरीने नुसतं खालचं टोक वर आणलं तर?

दोरीचं वजन सोडून देऊ. टोक हळूहळू वर येऊ लागलं की साखळी खाली वळण घेते, झोळीसारखी. टोक २ मीटर वर आलं तेव्हा वळण फक्त १ मीटर वर सरकलेलं असतं, आणि हातावर १ मीटर साखळीचा भार. टोक १० मीटर वर आलं तर हातावर ५ मीटरचा. म्हणजे टोक जितकं वर आणाल त्याच्या निम्म्या लांबीचं ओझं, मीटरमागे १० न्यूटन. जोर अंतराच्या प्रमाणात वाढतोय! ही तर मीटरला १० न्यूटनवाली स्प्रिंग झाली. लोखंडाची लोंबती साखळी, पण खालच्या टोकाला धरलं की हुकचा नियम पाळते. काठाशी टोक आलं तेव्हा हातावर २०० न्यूटन आणि गर्डरवर उरलेले २००, ते बरोबरच आहे, साखळी मधोमध दुमडली आहे. कार्य ½ गुणिले १० गुणिले २० चा वर्ग, २,००० ज्यूल. आण्यांचा क्रमही स्प्रिंगचाच, एक, तीन, पाच, सात.

"म्हंजे असं वडलं तर निम्म्या कामात भागतंय?" मामांनी विचारलं.

भागत नाही, कारण साखळी अजून विहिरीतच आहे. दोन्ही टोकं काठावर, पण दुमडलेली जोडसाखळी १० मीटर खाली लोंबतेय, मीटरला आता ४ किलोची. तिचं वजन ४०० न्यूटन आणि तिची सरासरी खोली ५ मीटर, म्हणजे वर काढायला आणखी २,०००. नातवाने दोन्हींची बेरीज करून खाली रेघ मारली: ४,०००.